चेहरा नवा, टेम्प्लेट जुनं: फेस स्वॅप मीमवर का फसतो?

2008 साली दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये, सिग्राफ परिषदेत, कोलंबिया विद्यापीठाच्या बिटूक, कुमार, धिल्लन, बेलहूमर आणि नायर या पाच जणांनी छायाचित्रातला चेहरा आपोआप बदलणारी पद्धत मांडली. त्याच वर्षी कार्लोस रामिरेझ या अमेरिकन तरुणाने साध्या पेंट प्रोग्रॅममध्ये एक दात विचकणारा चेहरा काढला. तोच पुढे ‘ट्रोलफेस’ म्हणून जगभर गाजला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण आज कुणी एखाद्या जुन्या, काळ्या रेषांच्या मीम टेम्प्लेटमध्ये खरा चेहरा बसवायला जातो, तेव्हा या दोन्ही परंपरा एकाच चित्रात आमनेसामने येतात, आणि पहिलीची गृहीतकं दुसरीवर चालत नाहीत. ती कुठे आणि का तुटतात, ते या लेखात बघू.

छायाचित्राची गृहीतकं

2008 च्या त्या पद्धतीत मुळात एक शहाणपण होतं. तिच्याकडे चेहऱ्यांचा मोठा संग्रह होता, आणि त्यातून कुठलाही चेहरा उचलून चिकटवला जात नसे. मूळ चित्रातल्या चेहऱ्याची दिशा, प्रकाश, रंग, एवढंच नाही तर धूसरपणा आणि रेझोल्यूशनसुद्धा जुळणारे उमेदवार आधी निवडले जात. म्हणजे ‘चित्राचा दर्जा जुळला पाहिजे’ ही अट पहिल्यापासूनच होती. नंतरच्या अनेक सोप्या टूल्समध्ये ही पायरी गळली आणि फक्त ‘कापा, बसवा, कडा मिसळा’ एवढंच उरलं.

कडा मिसळण्यासाठी जी पद्धत सर्रास वापरतात ती 2003 ची: पेरेझ, गँग्ने आणि ब्लेक यांचं पॉइसाँ इमेज एडिटिंग. ओपनसीव्हीमधलं `seamlessClone` याच कल्पनेवर चालतं. कल्पना अशी: नव्या चेहऱ्यातले चढउतार (नाकाची सावली, ओठांची कड) तसेच ठेवायचे, पण सीमेवरची किंमत मात्र जुन्या चित्राशी तंतोतंत जुळवायची. सीमेवर जेवढा फरक पडतो, तो आतल्या भागात हळूहळू पसरवायचा. सीमेवर दोन्हीकडे त्वचाच असेल तर निकाल सुंदर येतो. इथे गृहीत धरलेलं आहे ते हेच, की सीमेवर त्वचा आहे.

आता रेषांचं टेम्प्लेट घ्या. आतला भाग पांढरा, समजा 250. बाह्यरेषा काळी, समजा 20. आपल्या फोटोतली त्वचा सगळीकडे साधारण 170. (0 म्हणजे पूर्ण काळा, 255 म्हणजे पूर्ण पांढरा.) समजून घेण्यासाठी चेहऱ्याची एकच आडवी ओळ बघू. मास्कची डावी कड पांढऱ्यावर पडली: फरक 250 − 170 = +80. उजवी कड काळ्या रेषेवर पडली: फरक 20 − 170 = −150. एका ओळीत हा फरक सरळ रेषेत पसरतो, म्हणून मधोमध −35 येतो आणि त्वचा 135 होते. डावा गाल 250 कडे जातो, उजवा 20 कडे. नाक-डोळे जागेवर असतात, पण एक गाल चुन्यात बुडवल्यासारखा आणि दुसरा काजळी फासल्यासारखा दिसतो.

मग मास्क थोडा सरकवला तर? अख्खी सीमा रेषेवर नेली तर सगळीकडे −150, त्वचा 20, म्हणजे काळाकुट्ट चेहरा. अख्खी सीमा आत पांढऱ्यावर आणली तर सगळीकडे +80, त्वचा 250, म्हणजे चेहरा पार धुऊन निघाला. थोडक्यात, मास्क कितीही सरकवला तरी बरोबर उत्तर मिळणारच नाही, कारण ज्या त्वचेच्या रंगाशी जुळवायचं तो रंग या चित्रात अस्तित्वातच नाही.

रेषा वर, चेहरा खाली

यावरचा उपाय पॉइसाँपेक्षा जुना आणि साधा आहे: गुणाकार. टेम्प्लेटचा पिक्सेल गुणिले चेहऱ्याचा पिक्सेल, भागिले 255. चेहरा बाह्यरेषेच्या आत कापायचा, रेषेच्या मधोमधपर्यंत, आणि टेम्प्लेट वरून पारदर्शक कागदासारखं ठेवायचं. जिथे टेम्प्लेट पांढरं तिथे चेहरा जवळजवळ तसाच राहतो. जिथे रेषा काळी तिथे काळंच उरतं. रेषेच्या कडेचे करडे पिक्सेल आपोआप योग्य प्रमाणात मिसळतात. कापलेली कड रेषेखाली लपते.

याचा आणखी एक फायदा आहे. जुन्या जेपेगमध्ये काळ्या रेषेभोवती पांढऱ्यावर मळकट ठिपक्यांचं वलय असतं. तिथे टेम्प्लेटची किंमत समजा 240 आहे. मग 170 × 240 / 255 = 160. म्हणजे टेम्प्लेटचा मळ नव्या चेहऱ्यावरही उतरतो, आणि चेहरा त्याच कागदावरचा वाटू लागतो. पण हे अर्धंच काम आहे. वलयाचा जो भाग पांढऱ्याहून उजळ व्हायला हवा होता, तो 255 ला कापला गेलेला असतो. तो काही परत मिळत नाही.

एक मर्यादा आधीच मान्य करावी. फेस स्वॅपमध्ये ओळख बदलते आणि हावभाव मूळचा राहतो. छायाचित्रात हावभाव स्नायूंमध्ये असतो, रेषाचित्रात मात्र तो रेषांमध्येच असतो. दात विचकलेलं तोंड पुसून खऱ्या माणसाचं मिटलेलं तोंड बसवलं, तर मीमचा विनोदच गेला. म्हणून तोंडाच्या आणि डोळ्यांच्या रेषा ठेवाव्यात आणि ओळख कपाळ, केस, चष्मा, मिशी यांच्यावर सोपवावी. खऱ्या फोटोंवर शिकलेले चेहरा शोधणारे प्रोग्रॅम अशा चित्रांवर बऱ्याचदा हात टेकतात. तेव्हा डोळे, नाक आणि तोंडाचे कोपरे असे पाच बिंदू हातानेच ठेवलेले बरे.

अक्षरांचा पसारा

मीमवरची जाड, पांढरी, काळ्या कडेची अक्षरं म्हणजे बहुतेक वेळा इम्पॅक्ट फॉन्ट. तो जेफ्री ली यांनी 1965 साली केला. पांढऱ्याला काळी कड दिली की खाली कुठलंही चित्र असो, मजकूर वाचता येतो. पण पूर्ण पांढऱ्याशेजारी पूर्ण काळा, हीच जोडी जेपेगला सर्वांत जड जाते.

जेपेगच्या मुळाशी आहे ते डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, जे 1974 साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी प्रसिद्ध केलं. चित्राचे 8 × 8 पिक्सेलचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोन सौम्य लहरींच्या बेरजेने मांडायचा, आणि बारीक लहरी ढोबळ करून टाकायच्या. आकाश किंवा गाल अशा लहरींत छान मावतो. अक्षराची तीक्ष्ण कड मावत नाही, म्हणून तिच्याभोवती लहरींचा गाळ उरतो. मात्र प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे हाताळला जातो, त्यामुळे एका वेळच्या कॉम्प्रेशनमध्ये हा गाळ त्या चौकोनाबाहेर जात नाही.

यातून कामाचा एक नियम मिळतो. अक्षर हनुवटीवर चढलं असेल, तर मास्क अक्षराच्या कडेला न थांबवता पुढच्या 8 च्या रेषेपर्यंत वाढवावा. रंग निम्म्या रेझोल्यूशनवर साठवला असेल तर रंगाचा चौकोन 16 × 16 पिक्सेलवर पसरतो, म्हणून रंगीत अक्षरांसाठी 16 पर्यंत जावं. चित्र मध्येच लहान-मोठं केलं गेलं असेल, तर जुनी जाळी सरकलेली असते आणि गाळ याहून दूर पोचलेला असतो. त्यापेक्षा अक्षरं पूर्ण पुसून, चेहरा बसवून, मजकूर नव्याने लिहिणं सोपं पडतं. क्रम मात्र हाच हवा: आधी चेहरा, मग अक्षरं, मग कॉम्प्रेशन.

कॉम्प्रेशनचा इतिहास चेहऱ्यालाही द्यायचा

‘दर वेळी सेव्ह केलं की चित्र खराब होतं’ असं आपण सहज म्हणतो. ते अर्धवट खरं आहे. प्रचलित लिबजेपेगमध्ये क्वालिटी 30 ला सरासरी उजेडाची पायरी 27 असते. सगळ्या किमती 27 च्या पटीत बसवल्या जातात. 40 ही किंमत 27 होते. त्याच जाळीवर, त्याच क्वालिटीने पुन्हा सेव्ह केलं तर 27 ही 27 च राहते. खरं नुकसान होतं ते क्वालिटी बदलल्यावर, चित्र कापल्यावर किंवा आकार बदलल्यावर, म्हणजे स्क्रीनशॉट आणि पुन्हा अपलोडच्या फेऱ्यांत.

आता आपलं टेम्प्लेट आधी 30 वर सेव्ह झालेलं आहे. आपण त्यात ताजा चेहरा बसवून सगळं 75 वर सेव्ह करतो. 75 ला ती पायरी 8 आहे. पार्श्वभूमीत फक्त 0, 27, 54, 81 अशा किमती उरलेल्या होत्या. त्या आता 0, 24, 56, 80 होतात. मधल्या 8, 16, 32, 40 तिथे सापडत नाहीत. चेहऱ्यात मात्र त्या सगळ्या सापडतात. नजरेला एवढंच जाणवतं की चेहरा ‘जास्त स्वच्छ’ आहे. आकडे नेमकी जागा दाखवतात. हॅनी फरीद यांनी 2009 मध्ये मांडलेली ‘जेपेग घोस्ट’ पद्धत याच्याच जवळची आहे: चित्र वेगवेगळ्या क्वालिटीला पुन्हा सेव्ह करून मूळातून वजा करायचं. जो भाग आधी त्या क्वालिटीतून गेलेला असतो, तिथे फरक सर्वांत कमी, म्हणजे गडद दिसतो. आपल्या उदाहरणात 30 च्या आसपास पार्श्वभूमी गडद होईल आणि चेहरा उजळ उरेल.

म्हणून चेहरा आधी टेम्प्लेटच्या आकाराला आणायचा (टेम्प्लेटमधला चेहरा 120 पिक्सेलचा असेल तर 900 पिक्सेलचा फोटो 120 वर), मग रेषांखाली बसवायचा, मग पूर्ण चित्र त्याच जाळीवर जुन्या क्वालिटीने सेव्ह करायचं, आणि शेवटी हवी ती क्वालिटी द्यायची. शेवटच्या सेव्हची पायरी फाइलमध्येच लिहिलेली असते:

```python
from PIL import Image
im = Image.open("template.jpg")
print(im.quantization[0][0])
```

27 आलं तर क्वालिटी 30 चा अंदाज बांधता येतो. हेच टेबल `save` करताना `qtables=im.quantization` असं देता येतं. पण फाइल फक्त शेवटची फेरी सांगते. आधीच्या फेऱ्या, मधले आकारबदल, सरकलेली जाळी यांची नोंद कुठेच नसते. त्या अंदाजानेच पुन्हा घडवाव्या लागतात, आणि तपासणी सोपी आहे: नव्या चित्राचं घोस्ट काढा. चेहऱ्याचा आकार त्यात वेगळा उठून दिसला, तर एखादी फेरी अजून राहिली आहे.