तळटीप : पडद्याची रंगजुळणी
* रंगजुळणी : ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटातल्या आकाशासारखी सलग छटा संगणकावर पट्ट्यापट्ट्यांची दिसली, तर दोष चित्रणाचाच असेल असे नाही. सॉफ्टवेअरने जुळणी करताना दुरुस्ती ग्राफिक्स कार्डात होते. निळा दहा टक्के उतरवला, की 8 बिटच्या जोडणीवर त्याच्या 256 पायऱ्यांच्या साधारण 230 उरतात. शेजारच्या छटा एकमेकींत मिसळतात. मॉनिटरमधल्या 14 किंवा 16 बिटच्या तक्त्यात हीच दुरुस्ती बारीक पायऱ्यांनी होते, म्हणून 256 छटा वेगळ्या राहतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी उघडून पाहावी. फरक तिथे कळतो. नुसत्या कापाजोडीला तो जाणवत नाही. रंगांची व्याप्ती सांगणारे प्रोफाइल मात्र दोन्ही पद्धतींत लागतेच. — संपा.