शून्याधारित अर्थसंकल्प

शून्याधारित अर्थसंकल्प ही अंदाजपत्रक तयार करण्याची अशी पद्धत आहे, जिच्यात प्रत्येक खर्चाचे समर्थन दरवर्षी नव्याने करावे लागते. मागील वर्षीची तरतूद गृहीत धरून तीत थोडी वाढ किंवा घट सुचवणाऱ्या प्रचलित पद्धतीस वृद्धिशील अर्थसंकल्प म्हणतात.

कार्यपद्धती

या पद्धतीची मांडणी पीटर पिर यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत काम करताना केली. १९७० साली त्यांनी तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. तीत खात्याच्या कामाचे 'निर्णयसंच' पाडले जातात. उदाहरणार्थ, पाणी तपासणाऱ्या एखाद्या नगरपालिका प्रयोगशाळेचा गतवर्षीचा खर्च ४० लाख रुपये होता, असे समजा. वृद्धिशील पद्धतीत महागाईपोटी ६ टक्के मिळवून ४२.४ लाखांची मागणी होते. शून्याधारित पद्धतीत केवळ कायद्याने बंधनकारक नमुने तपासण्याचा २५ लाखांचा पहिला संच, सध्याचे उर्वरित काम चालू ठेवण्यासाठी १५ लाखांचा दुसरा आणि खासगी विहिरींच्या तपासणीसाठी ८ लाखांचा तिसरा संच मांडला जातो. हेच काम बाहेरून करून घेतल्यास किती खर्च येईल, हेही नोंदवावे लागते. पुढे सर्व खात्यांचे संच अग्रक्रमाने लावून उपलब्ध निधी संपेल तेथे रेषा ओढली जाते.

मर्यादा

वरील उदाहरणात कायम कर्मचाऱ्यांचे वेतनच ३० लाख असेल, तर २५ लाखांचा संच कागदावरच राहतो. वेतन, निवृत्तिवेतन, कर्जावरील व्याज आणि कायद्याने ठरलेली अनुदाने एका वर्षात शून्यावर आणता येत नाहीत. शिवाय संच लिहिणारा अधिकारी त्याच कार्यालयाचा असतो. लोकांना प्रिय असलेले काम मुद्दाम खालच्या क्रमांकावर ठेवून ते वाचवण्यासाठी जादा निधी मिळवणे त्याला शक्य असते. सर्व शाखांचे किमान संच गतवर्षीच्या खर्चाच्या जवळपास एकाच टक्केवारीवर येत असतील, तर जुनीच पद्धत नव्या नमुन्यात भरली गेली, असे समजण्यास हरकत नाही.

प्रत्यक्ष अनुभव

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६२ मध्ये असा प्रयत्न केला होता. ॲरन विल्डाव्हस्की आणि आर्थर हॅमन यांना त्याच्या अभ्यासात निर्णयांवर फारसा परिणाम आढळला नाही. जॉर्जिया राज्यात गव्हर्नर जिमी कार्टर यांनी पिर यांच्या साहाय्याने ही पद्धत आणली, तेव्हा सुमारे दहा हजार संच तयार झाले. प्रत्येकास एक मिनिट दिले तरी वाचनालाच १६६ तासांहून अधिक वेळ लागला असता. त्यामुळे बहुतेक निवड खालच्या स्तरावरच उरकली जाणे अटळ होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर कार्टर यांनी १९७७ मध्ये ती संघराज्य पातळीवर लागू केली. १९८१ मध्ये रेगन प्रशासनाने ती बंद केली.

महाराष्ट्रात शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९८६ मध्ये ही पद्धत स्वीकारण्यात आली आणि 'झिरो बजेट' हा शब्द रूढ झाला. अनेक शासकीय कार्यालये आता संपूर्ण अंदाजपत्रकाऐवजी निवडक योजनांचाच, तोही काही वर्षांच्या अंतराने, असा आढावा घेतात.