आत्याचे यजमान : मामा की काका?

बेळगावकडच्या आम्हा मराठी घरांत दर गणपतीला एक जुना प्रश्न निघतो. आत्याचे यजमान दारात आले की आमच्या पिढीच्या तोंडून ‘या मामा’ निघते. पुण्याहून आलेली सून ‘या काका’ म्हणते. मुले गोंधळतात, ‘आईचा भाऊ नसताना हे मामा कसे?’

उत्तर जुन्या सोयरिकीच्या रीतीत आहे. मामाच्या मुलीशी लग्न ही दक्षिणेतली रीत आहे, हे बौधायन धर्मसूत्रातही नोंदलेले आहे. देशस्थांत व मराठा समाजातील अनेक घराण्यांत ती चालत आली. कोकणस्थांनी मात्र ती टाळली. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात या भेदाची चर्चा केली आहे.

आता एक सोयरीक डोळ्यांपुढे आणू. मुलाने मामाची मुलगी केली. त्या मुलीच्या बाजूने पाहिले, तर तिची सासू म्हणजे तिच्या वडिलांची बहीण, म्हणजे आत्याच. सासरे हे आत्याचे यजमान. म्हणूनच सुना सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणत. पुढे नात्याबाहेरून आलेल्या सुनाही तसेच म्हणू लागल्या. हाकेचा शब्द राहिला, रक्ताचे नाते नसले तरी चालले.

शेजारच्या कन्नडमध्ये हीच सांगड अधिक उघड दिसते. तिथे ‘माव’ म्हणजे मामा, आत्याचा नवरा आणि सासरा. ‘अत्ते’ म्हणजे आत्या, मामी आणि सासू. मावशीचा नवरा मात्र तिथे ‘चिक्कप्पा’ किंवा ‘दोड्डप्पा’, म्हणजे काकाच्याच रांगेत. आमच्याकडेही मावशीचे यजमान काका असतात. म्हणजे आईची बहीण आणि वडिलांचा भाऊ एका बाजूला; आईचा भाऊ आणि वडिलांची बहीण दुसऱ्या बाजूला. सोयरीक होते ती या दुसऱ्या बाजूशी. मावसभाऊ आणि चुलतभाऊ हे मात्र सख्ख्या भावासारखेच, तिथे लग्नाचा विचारही नाही.

उत्तरेकडे गेलेल्या मराठी घरांपुढे वेगळाच पेच येतो. तिथल्या शेजारात आत्याच्या यजमानांना ‘फूफा’ आणि मावशीच्या यजमानांना ‘मौसा’ असे वेगळे शब्द आहेत. ज्या मराठी घरांत दोघेही ‘काका’ झाले, तिथे हा फरक ऐकू येत नाही. म्हणून आम्ही मुलांना एवढेच सांगतो : हाक कोणतीही मारा, पण ओळख करून देताना ‘काका’वर थांबू नका. ‘हे माझ्या आत्याचे यजमान’ असे म्हणा. हाक घराच्या वळणाने बदलते; नाते आत्याकडून आले की मावशीकडून, हे मात्र सांगितल्याशिवाय पुढच्या पिढीला कळणार नाही.

आमच्या घरात अजून ‘या मामा’च म्हणतात. पुण्याची सून आता त्यांना ‘मामाकाका’ म्हणते, आणि तेही हसून ओ देतात.