हवा गेलेल्या टायरवर गाडी चालवणे

टायरमधली हवा पूर्ण गेलेली असताना, पंक्चरवाला जवळच आहे म्हणून गाडी तशीच पुढे नेणे. खिळा काढून सहज दुरुस्त झाला असता असा टायर या थोड्या अंतरात भंगारात जाऊ शकतो.

मोटारीचे वजन मुख्यतः टायरमधली दाबाखालची हवा पेलते. ती गेली की साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, रिमची कड आणि रस्ता यांच्यामध्ये चेपली जाते. नागपूरच्या वर्धा रोडवरील दुमजली मेट्रो मार्गाखालचा, ३.१४ किलोमीटरचा उड्डाणपूल उदाहरणादाखल घेऊ. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर असतो. पुलाच्या एका टोकाला बसलेला टायर दुसऱ्या टोकापर्यंत नेला, तर सोळाशेहून अधिक फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात साईडवॉलचा प्रत्येक भाग एकदा दुमडला जातो. घर्षणाने आतले रबर तापते, आतला थर पिठासारखा झडतो आणि पॉलिएस्टरचे दोरे तुटू लागतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना तापलेल्या रस्त्यावर हे आणखी लवकर घडते.

बाहेरून टायर धडधाकट दिसू शकतो, म्हणून निव्वळ हवा भरून पाहणे फसवे ठरते. टायर रिमवरून उतरवून आत हात फिरवावा. काळा चुरा, साईडवॉलभोवती गोल घासलेला पट्टा, सुरकुत्या किंवा उघडे पडलेले दोरे आढळले, तर टायर बाद समजावा. साईडवॉलची दुरुस्ती होत नाही. ठिगळ लावायचे ते रस्त्याला टेकणाऱ्या भागातच. दोरे तुटलेल्या टायरमध्ये पुन्हा हवा भरली, तर तिथे फुगा येतो किंवा टायर वेगात फुटतो.

रिमचे नुकसान बहुधा खड्डा, गतिरोधक किंवा सिमेंट रस्त्याच्या सांध्यावर होते, कारण मधली हवेची गादी उरलेली नसते. लोखंडी रिमची कड वाकते. ती काही वेळा ठोकून सरळ करता येते. अलॉय रिमला तडा जाऊ शकतो आणि तडा गेलेली रिम वापरू नये. कड किंचित वाकली तरी ट्यूबलेस टायरची हवा तिथून हळूहळू गळत राहते.

सस्पेन्शनबद्दलची भीती मात्र बरीच अतिशयोक्त आहे. सपाट रस्त्यावर संथ गतीने थोडे अंतर गेल्यास शॉकअॅब्सॉर्बर, बुश, बॉल जॉइंट सहसा शाबूत राहतात. जोराचा दणका बसला किंवा नंतर स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले, तर हे भाग आणि अलाइनमेंट तपासून घ्यावे. टायर फाटून त्याच्या चिंध्या आपटू लागल्यास मात्र चाकाजवळची ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर तुटू शकते.

रस्त्याकडेला घेण्यापुरते काही मीटर चालत्या माणसाच्या वेगाने गेल्यास टायर बहुधा वाचतो. उड्डाणपुलावर थांबायला सुरक्षित जागा नसेल, तर चारही इंडिकेटर लावून संथपणे पुलाखाली उतरावे, टायर गेला तरी हरकत नाही.