राजाला कोपरा कुणी दिला?

तॅफ्ल खेळाचा आजचा पट पाहिला की नजर आधी चार कोपऱ्यांवर जाते. अकरा बाय अकरा घरांच्या मधोमध राजा बसलेला असतो आणि त्याच्याभोवती त्याचे बारा शिपाई. चारही कडांवर वेढा घालणारे चोवीस जण असतात. राजाने कोणताही एक कोपरा गाठला की तो जिंकला. आज हा खेळाचा प्राण वाटतो, पण जुन्या काळी प्रत्यक्ष पाहून लिहिलेल्या नियमांत कोपऱ्याचा उल्लेखच नाही.

हे नियम लिहून ठेवले कार्ल लिनियसने, तोच, ज्याने पुढे वनस्पतींना दोन-दोन नावं दिली. 1732 साली, पंचविशीत, तो उत्तर स्वीडनमध्ये लॅपलंडच्या प्रवासाला गेला होता. तिथल्या सामी लोकांना त्याने ‘तॅब्लुत’ खेळताना पाहिलं आणि रोजनिशीत पट काढून नियम टिपले. पट नऊ बाय नऊचा, मधलं घर ‘कोनाकिस’. स्वीडिश राजा आणि त्याचे आठ जण एकीकडे, सोळा मस्कोवाइट दुसरीकडे. सगळी मोहरी बुद्धिबळातल्या हत्तीसारखी सरळ चालतात आणि शत्रूच्या सोंगटीला दोन बाजूंनी चिमटीत धरून मारतात. राजाने पटाची कड गाठली की डाव संपला, मग ते कडेचं कोणतंही घर असो. कडेची एक वाट मोकळी झाली की खेळणाऱ्याने ‘रायची’ म्हणायचं, दोन झाल्या की ‘तुइचू’. तुइचू ऐकलं की वेढा घालणाऱ्याने हात टेकायचे, कारण एका चालीत दोन वाटा बुजवता येत नाहीत.

हा कागद स्कॅन्डिनेव्हियातल्या फार जुन्या खेळाचा शेवटचा साक्षीदार आहे. त्या खेळाचं नाव ‘हनेफातॅफ्ल’. ‘हनेफी’ म्हणजे मूठ, आणि राजाच्या सोंगटीलाही तेच नाव. ‘तॅफ्ल’ हा लॅटिन ‘ताबुला’ म्हणजे फळी या शब्दावरून आला. वायकिंग गेले तिथे खेळही गेला, पण बुद्धिबळ उत्तरेत पसरलं तसा मागे पडला. पूर्ण नियम कुणी लिहून ठेवले नव्हते, म्हणून सगळी भिस्त लिनियसच्या टिपणावर राहिली. नेमकी तिथेच गडबड झाली.

त्याची रोजनिशी 1811 साली लंडनहून इंग्रजीत छापली गेली. लॅटिनमधलं त्याचं म्हणणं असं होतं की दोघांच्या मध्ये सापडलेली सोंगटी मरते, राजासुद्धा. चौघांनी घेरायचं ते राजा कोनाकिसवर असताना, आणि त्याला लागून असेल तर तिघांनी. भाषांतरात ‘राजासुद्धा’चं ‘राजा सोडून’ झालं. बुद्धिबळाचा इतिहास लिहिणाऱ्या मरेने हेच भाषांतर आधाराला घेतलं, आणि विसाव्या शतकातले बहुतेक पट याच नियमांवर निघाले. आता राजाला मारायला सगळीकडे चौघं लागू लागले आणि जिंकायला मात्र कडेचं कोणतंही घर पुरे. वेढा घालणाऱ्याच्या हाती फारसं काही उरलं नाही. डाव एकतर्फी झाला की खेळणारे नियमाला ठिगळ लावतात. इथे सर्वांत यशस्वी ठरलेलं ठिगळ म्हणजे कोपरा. राजा चौघांशिवाय मरत नाही ना, मग त्याचं ध्येयच आखडून घ्या.

पुराव्यासाठी आयर्लंडमधल्या बॅलिंडेरीच्या फळीकडे बोट दाखवलं जातं. 1932 साली उत्खननात सापडलेली ही यू वृक्षाच्या लाकडाची फळी दहाव्या शतकातली मानतात. तिच्यावर सात बाय सात, म्हणजे एकोणपन्नास भोकं आहेत. मधलं भोक वर्तुळाने आणि चारही कोपरे कमानींनी वेगळे केलेत. कोपरे खास होते हे त्यावरून दिसतं. ते कशासाठी खास होते, हे फळी सांगत नाही. त्या चार कमानींवर अख्खा नियम उभा करणं मला धाडसाचं वाटतं. पण खेळ म्हणून हा नियम पक्का आहे, आणि 2012 च्या सुमारास ठरलेल्या ‘कोपनहेगन’ नियमांत त्याची बसवणूक फार सुरेख झाली आहे.

तिचं मर्म एका घरात आहे. कोपऱ्याला तिरकं लागून असलेल्या घराला आपण ‘नाका’ म्हणू, आणि कोपऱ्याला सरळ लागून असलेल्या दोन घरांना ‘उंबरठे’. कोपऱ्यात राजाशिवाय कुणाला उभं राहता येत नाही, म्हणून राजा उंबरठ्यावर आला की त्याला अडवता येत नाही. नाक्यावर पोचला आणि दोन्ही उंबरठे मोकळे असले, तर तीच जुनी तुइचू: एक बुजवाल, तो दुसऱ्यावर जाईल. म्हणून वेढा घालणारा सुरुवातीलाच नाके धरतो. प्रत्येक कडेच्या मधोमध, दुसऱ्या ओळीत त्याची एक सोंगटी पुढे उभी असते. ती एका चालीत सरकून थेट नाक्यावर जाते.

नाक्याच्या दोन्ही बाजूंना कडेवर, कोपऱ्यापासून तिसऱ्या घरात एकेक सोंगटी आणली की तिघांची तिरकी रांग होते आणि तो कोपरा कायमचा बंद होतो. या तिघांना मारायला मागचे उंबरठे हवेत, आणि तिथे जायची वाटच उरत नाही. चारही कोपऱ्यांना मात्र बारा सोंगट्या आणि बारा चाली लागतात, म्हणजे अर्धी फौज. त्यापेक्षा तिरके समोरासमोरचे दोन कोपरे बंद करावेत. प्रत्येक कडेचं एक टोक तरी बंद झालेलं असतं, त्यामुळे कडेवर उभं राहून दोन कोपऱ्यांना एकाच वेळी धाक घालणं राजाला जमत नाही.

मग राजाने काय करायचं? समजा उजवीकडचा खालचा कोपरा अजून उघडा आहे, फक्त नाक्यावर पहारेकरी आहे. राजा त्याच दुसऱ्या ओळीत, पहारेकऱ्यापासून तीन घरं डावीकडे. राजाचा एक शिपाई नाक्याच्या बरोबर वरच्या घरात आधीच आणून ठेवायचा. दुसरा राजाच्या खाली, तळाच्या ओळीत. हा दुसरा तळाच्या ओळीने सरकत उंबरठ्यावर गेला की पहारेकरी खाली-वर चिमटीत सापडून मरतो आणि राजापुढची ओळ कडेपर्यंत मोकळी होते. पुढच्या चालीत राजा दुसऱ्या उंबरठ्यावर, त्यानंतर कोपऱ्यात.

इथे क्रम चुकला की सगळं फसतं. रिकामा कोपरा दोन्ही बाजूंना शत्रूसारखा वागतो. उंबरठ्यावरच्या शिपायाच्या पलीकडे शत्रूने एक सोंगटी आणली की कोपरा आणि ती सोंगटी मिळून त्याला मारतात. म्हणून वरचा शिपाई आधी, उंबरठ्यावरचा शेवटी. तो मेला तरी चालेल, कारण त्याला मारण्यात शत्रूची चाल जाते आणि राजा निघून जातो. खरा धोका वरून येतो. राजा आणि कड यांच्यामधल्या उभ्या रांगांतून कुणी एका चालीत दुसऱ्या ओळीत उतरला, तर वाट पुन्हा बंद. नाक्याची रांग आपल्या शिपायाने झाकलेली आहे. त्याच्या डावीकडच्या दोन आणि कडेची एक, अशा तीन रांगा मोजायच्या. कडेच्या रांगेकडे जास्त लक्ष द्यावं, कारण शत्रूची मूळ रांग तिथेच असते आणि तिच्यातला एक सरळ खाली घसरून उंबरठा अडवतो. ती आधी आपल्या माणसाने तोडलेली नसेल, तर हा हल्ला सुरूच करू नये.

पुठ्ठ्यावर पट आखून खेळायला बसाल, तेव्हा समोरच्याशी आधी एवढं बोलून घ्या: कड की कोपरा, आणि राजाला मारायला दोघं की चौघं. लिनियसचा खेळ हवा असेल तर कड घ्या, आणि राजा कोनाकिसपासून दूर गेला की त्याला दोघांनी मरू द्या. चौघांचा राजा हवा असेल तर त्याला कोपऱ्यातच पाठवा.