अल्फा चॅनेल (गिम्प)

गिम्प या चित्रसंपादन प्रणालीत प्रत्येक पिक्सेलची पारदर्शकता नोंदवणारा घटक. लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनेलांत पिक्सेलचा रंग असतो. अल्फा तो रंग किती दिसावा हे ठरवतो. आठ बिटांच्या चित्रात 0 म्हणजे पूर्ण पारदर्शक, 255 म्हणजे पूर्ण अपारदर्शक.

जेपेग फाइलमध्ये पारदर्शकतेची सोयच नसते. त्यामुळे असा फोटो उघडला की त्याचा थर अल्फाविना येतो. अशा थरावर खोडरबर फिरवला तर पिक्सेल रिकामा होऊ शकत नाही, त्याला काहीतरी रंग हवाच. गिम्प तिथे टूलबॉक्समधला पार्श्वरंग भरतो, जो बहुधा पांढरा असतो. निवड करून `Delete` दाबल्यावरही हेच होते. थरांच्या यादीत नाव ठळक अक्षरांत दिसले, तर त्या थराला अल्फा नाही असे समजावे.

समजा, समईचा फोटो लग्नपत्रिकेच्या लाल मजकुरपट्टीवर ठेवायचा आहे. फोटो उघडल्यावर, काहीही खोडण्याआधी, थर निवडून `Layer → Transparency → Add Alpha Channel` ही आज्ञा द्यावी. ती फिकट दिसत असेल तर अल्फा आधीच आहे. आज्ञा दिल्यावर चित्रात काहीच बदलत नाही, कारण सगळे पिक्सेल अजून अपारदर्शकच असतात; फक्त यादीतले नाव साध्या अक्षरांत येते. आता समईमागची भिंत खोडली की तिथे करड्या चौकटी दिसतात. त्या चित्राचा भाग नसून पारदर्शकतेची खूण आहेत.

क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. आधी खोडून मग अल्फा जोडला, तर भरला गेलेला पांढरा रंग पांढराच राहतो. तो गिम्पच्या लेखी खराखुरा रंग असतो आणि खालचा मूळ रंग पुसला गेलेला असतो. अशा वेळी `Ctrl+Z` ने मागे जाऊन अल्फा जोडावा आणि पुन्हा खोडावे. अल्फा असताना खोडलेल्या जागी मात्र मूळ रंग शिल्लक असतो, फक्त झाकलेला. म्हणून समईची चोच चुकून खोडली गेली, तर खोडरबराचा `Anti erase` पर्याय निवडून ती परत आणता येते.

अल्फा फक्त निवडलेल्या थराला मिळतो. खाली दुसरा अपारदर्शक थर असेल, तर खोडलेल्या जागेतून चौकटींऐवजी तो थर दिसेल.

काम चालू असताना चित्र `.xcf` मध्ये जतन करावे. पत्रिकेसाठी `File → Export As` मधून `.png` घ्यावे. पीएनजी अर्धपारदर्शक कडाही जपते, त्यामुळे समईची कड लाल रंगात अलगद मिसळते. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर दिसतो किंवा दिसत नाही, म्हणून तीच कड खरबरीत होते. पुन्हा जेपेगमध्ये निर्यात केल्यास, किंवा `Image → Flatten Image` केल्यास, पारदर्शकता जाते आणि रिकाम्या जागी रंग भरला जातो.