हुकलेला रविवार

दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ 2 ऑक्टोबर 1988 रोजी सुरू झाले आणि 24 जून 1990 रोजी 94 भागांनी संपले. त्या काळाबद्दल लिहिताना ओस पडलेल्या रस्त्यांचे वर्णन हमखास येते. ज्यांचा भाग हुकला, त्यांचे काय झाले, हे मात्र कुणी लिहीत नाही. व्हीसीआर आमच्याकडे चैनीची वस्तू होती. हुकलेला रविवार मिळायचा तो दुसऱ्याच्या तोंडूनच.

आमच्या घरी हे काम माझ्याकडे होते. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावात गल्लीला एकच टीव्ही होता. 1989 मध्ये द्यूतसभेचे भाग चालू असताना आजी धुळ्याकडे एका नातलगाच्या दुःखाला गेली. सुतकाच्या घरात टीव्ही कोण लावणार? संध्याकाळच्या एसटीने ती परतली आणि चहा होण्याआधीच म्हणाली, “सांग.”

मी पहिल्या प्रसंगापासून सुरुवात केली. कोण काय बोलले, कुणाचे डोळे कसे लाल झाले, सगळे ओळीने सांगितले. आजी कंटाळली. गोष्ट तिला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. चातुर्मासात श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ तिने किती वेळा ऐकला होता! तिला गोष्ट नको होती. मालिका गोष्टीत कुठवर पोचली आणि पोथीहून कुठे वेगळी गेली, एवढेच हवे होते. मी भीमाच्या प्रतिज्ञेपर्यंत आलो, तेव्हा तिने अहिराणीत विचारले, “मंग तिना सवालनं उत्तर कोनी दिधं?”

सवाल द्रौपदीचा होता: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल, तर मला पणाला लावण्याचा हक्क त्याला उरला कुठे? वस्त्रहरणाच्या गडबडीत मी तो सांगायचाच विसरलो होतो. आजोबांनी कपाशीच्या एका वाईट सालात आजीचे चांदीचे गोठ तिला न विचारता सावकाराकडे ठेवले होते, हे मला फार नंतर कळले.

पुढच्या रविवारपासून मी वही केली. ती अजून माझ्याकडे आहे. डाव्या पानावर माणसे: भाग सुरू होताना कोण कुठे होता, संपताना कुठे आहे आणि मधल्या वेळात त्याला नवे काय कळले. हा तिसरा रकाना सर्वांत कामाचा. कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे प्रेक्षकाला ठाऊक, कुंतीला ठाऊक, अर्जुनाला नाही. हे सुटले की त्या दोघांच्या प्रत्येक वादाचा अर्थ बिघडतो. एकाच माणसाची अनेक नावेही तिथेच लिहिलेली आहेत. राधेय, अंगराज आणि सूतपुत्र एकच, हे घरातल्या लहानांना दरवेळी नव्याने सांगावे लागे.

उजव्या पानावर धागे: कोणता उघडला, कोणता पुढे सरकला, कोणता मिटला. द्यूतसभा मी या रीतीने मागाहून लिहून काढली. दुःशासनाचे रक्त आणि दुर्योधनाची मांडी या भीमाच्या दोन प्रतिज्ञा त्या दिवशी उघडल्या. त्या युद्धातच मिटणार होत्या. द्रौपदीच्या प्रश्नावर भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगितले, म्हणजे उत्तर टाळले. विकर्ण तिच्या बाजूने बोलला, पण सभेने ऐकले नाही. पुढे धृतराष्ट्राने वर दिले, पांडव सुटले. प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याच्यापुढे मी ‘उघडा’ असे लिहिले आहे. सांगणारा नेमका इथेच चुकतो: प्रसंग संपला की धागाही संपला असे त्याला वाटते.

मालिकेत हरीश भिमाणींच्या आवाजातला ‘समय’ आरंभी मागचे जोडून देत असे. पण तो तात्पर्याकडे झुकलेला असे. कुणाला काय कळले याची नोंद ठेवणे हे त्याचे काम नव्हते.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत डीडी भारतीवर मालिका पुन्हा लागली, तेव्हा वही मांडीवर घेऊन मी ताडून पाहिले. धागे बहुतेक बरोबर निघाले, प्रसंगांचा क्रम मात्र जागोजागी चुकला होता. दोन प्रतिज्ञा उलट्या क्रमाने होत्या. काही वाक्ये तर मालिकेत नव्हतीच. ती आजीच्या पोथीतून माझ्या कानात आणि तिथून वहीत आली होती. अशा नोंदी इतिहासाचे साधन म्हणून वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. ऐकलेली गोष्ट पाहिलेल्या गोष्टीत मिसळते, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्या संध्याकाळी आजीला मी एवढेच सांगितले, “कोणीच नाही दिले.” ती म्हणाली, “मला वाटलंच.” मग तिने चहा घेतला.